कालचा आकडा आज का बदलतो?

क्लाउडच्या बिलाचा डॅशबोर्ड ज्यांच्या वाट्याला आलाय त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतोच. सकाळी डॅशबोर्ड उघडला, कालचा खर्च सत्तावीस हजार दिसला. तो आकडा मेलमध्ये टाकला. संध्याकाळी कुणीतरी तोच डॅशबोर्ड, तोच दिवस उघडतो आणि विचारतो, "अहो, इथे तर अठ्ठेचाळीस हजार दिसतायत. तुम्ही कुठला आकडा दिला होतात?" दोन दिवसांनी एक्कावन्न. आठवडा संपताना आणखी काहीतरी वेगळंच. काल तर होऊन गेला ना? मग त्याचा खर्च अजून वाढतोय कसा?

पहिला संशय अर्थातच आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांवर येतो. कुठेतरी बग असणार, कुणीतरी क्वेरी चुकीची लिहिली असणार. कधीकधी तसं असतंही, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा सगळं बरोबर चाललेलं असतं, आणि तरीही आकडा बदलतो. म्हटलं या शनिवारी हेच शोधू, की ही भानगड सुरू झाली कधी. शोधता शोधता गाडी क्लाउडच्या खूप मागे गेली, पार १९४८ पर्यंत.

आधी त्याही मागची स्थिती बघू. टेलिफोनच्या जुन्या एक्सचेंजमध्ये प्रत्येक ग्राहकासाठी एक छोटं यांत्रिक मीटर असायचं. स्थानिक कॉल झाला की मीटर पुढे सरकायचं. ठरावीक दिवशी सगळ्या मीटरांचे आकडे उतरवून घ्यायचे, मागच्या वेळचा आकडा वजा करायचा, झालं बिल. यात एक गंमत आहे. या मीटरला 'मंगळवारी किती कॉल झाले' असं विचारताच येत नाही. त्याला फक्त एकूण बेरीज माहीत असते. घटना घडते त्याच क्षणी ती मोजली जाते, आणि मोजल्यावर तिची स्वतंत्र ओळख पुसली जाते. त्यामुळे उशिरा आलेली नोंद हा प्रकारच नाही. आपल्याकडच्या एसटीडी बूथवर लाल आकड्यांचं मीटर असायचं, ते आठवा. बोलताबोलता रुपये वाढताना दिसायचे, फोन ठेवला की पावती. 'उद्या या, बिल बदलेल कदाचित' असं बूथवाल्याने कधी सांगितलं नाही!

अमेरिकेत बेल सिस्टीमने १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावी नंबर ५ क्रॉसबार हे नवं एक्सचेंज सुरू केलं, आणि त्याच्याबरोबर 'ऑटोमॅटिक मेसेज अकाउंटिंग' नावाची व्यवस्था आली. लांबच्या कॉलची चिठ्ठी तोवर ऑपरेटर हाताने लिहायची. आता ग्राहक स्वतःच नंबर फिरवून लांबचा कॉल लावणार होता, म्हणजे चिठ्ठी यंत्रानेच लिहायला हवी. ती लिहिली जायची कागदाच्या पट्टीवर भोकं पाडून. प्रत्येक कॉलच्या तीन नोंदी: पहिली, कुणी कुणाला लावला, दुसरी, समोरच्याने उचलला ती वेळ, तिसरी, फोन ठेवला ती वेळ.

पण एक पंचिंग यंत्र शंभर लाइन सांभाळायचं. म्हणजे एकाच पट्टीवर शंभर लाइनींवरच्या कॉलच्या नोंदी एकमेकांत मिसळलेल्या. तुमचा कॉल सुरू झाला, मध्ये भलत्याच तिघांच्या नोंदी, मग तुमचा 'उचलला', मग आणखी वीस नोंदी, आणि कधीतरी तुमचा 'ठेवला'. प्रत्येक नोंदीवर लाइनीचा दोन आकडी क्रमांक असायचा, त्यावरून हिशेब केंद्रातली यंत्रं या तीन नोंदी शोधून एकत्र जोडायची आणि मग कॉलची लांबी काढायची.

आता विचार करा. पट्टी ठरावीक वेळी कापून हिशेबाला न्यायची. ती कापली जात असताना जे कॉल चालू आहेत त्यांचं काय? त्यांचा 'उचलला' आजच्या पट्टीत आणि 'ठेवला' उद्याच्या. उद्याची पट्टी येईपर्यंत त्या कॉलचा हिशेब होऊच शकत नाही. कॉल घडलाय, ग्राहक बोललाय, पैसे लागणार आहेत हे नक्की, पण आजच्या बेरजेत तो नाही. आपल्या डॅशबोर्डाचा आजार मला इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. घटनेची स्वतंत्र नोंद ठेवायला लागलो, त्या दिवसापासून घटना घडण्याची वेळ आणि ती हिशेबात पोचण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. मीटरच्या काळात त्या एकच होत्या.

मोबाइल आल्यावर हे अंतर आणखी वाढलं, आणि त्यात खरेखुरे पैसे बुडायला लागले. तुम्ही पुण्याचं सिम घेऊन लंडनला गेलात. तिथल्या नेटवर्कवरून बोललात. कॉलची नोंद झाली लंडनच्या यंत्रात. ती तिथल्या बिलिंग प्रणालीत जाणार, तिला दर लागणार, मग 'टॅप' नावाच्या ठरलेल्या स्वरूपाच्या फाइलमध्ये इतर हजारो नोंदींबरोबर बसणार, बहुधा मध्यस्थ क्लिअरिंग हाउसमार्फत पुण्याच्या कंपनीकडे येणार, आणि मग तुमच्या खात्यावर चढणार. यातला प्रत्येक टप्पा गठ्ठ्यागठ्ठ्याने काम करतो. पुरेशा नोंदी जमल्या किंवा ठरलेली वेळ झाली, की गठ्ठा पुढे सरकतो.

याचा फायदा चोरांनी घेतला. खोट्या कागदपत्रांवर सिम घ्यायचं, परदेशात न्यायचं, आणि महागड्या नंबरांवर रात्रंदिवस कॉल करायचे. घरच्या कंपनीला हे कळायचं कधी? जास्त वापर करणाऱ्या ग्राहकांचा अहवाल बाहेरच्या नेटवर्कने ३६ तासांच्या आत पाठवावा असा नियम होता. म्हणजे दीड दिवस घरच्या कंपनीच्या पडद्यावर त्या ग्राहकाचा खर्च जवळजवळ शून्य. डॅशबोर्डावरचा 'काल' स्वच्छ दिसत असताना प्रत्यक्षातल्या 'काल'मध्ये चोरी चालू होती. शेवटी २००८ मध्ये जीएसएम कंपन्यांच्या संघटनेने नवा नियम लागू केला: कॉल संपल्यापासून ४ तासांच्या आत त्याची नोंद घरच्या नेटवर्ककडे पोचली पाहिजे. ती वेळेत आली नाही आणि चोरी झाली, तर नुकसान बाहेरच्या नेटवर्कचं.

या नियमातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे जुनी टॅप फाइल बंद झाली नाही. पैशांची देवघेव तिच्यावरच चालू राहिली. म्हणजे एकाच कॉलच्या दोन बातम्या यायला लागल्या: एक लवकर येणारी, पाळत ठेवण्यापुरती, दुसरी सावकाश येणारी, हिशेबाची. लवकर हवा की पक्का हवा, दोन्ही एकाच आकड्यात मिळणार नाही, हे त्यांनी मान्य करून टाकलं. आपले डॅशबोर्ड हे मान्य करत नाहीत, तिथेच सगळा घोळ होतो.

दरम्यान डेटाबेसच्या जगात या दोन वेळांना नावं मिळाली होती. १९८५ मध्ये रिचर्ड स्नॉडग्रास आणि इल्सू आन यांनी एक निबंध लिहिला, डेटाबेसमधल्या काळाचे प्रकार कोणते यावर. त्यांनी मांडलेल्या वेळांपैकी दोन आपल्या कामाच्या. एक, गोष्ट जगात खरी होती ती वेळ. दुसरी, डेटाबेसला ती कळली ती वेळ. मी आपला त्यांना 'घडलं' आणि 'कळलं' म्हणतो. 'मंगळवारचा खर्च किती' हा प्रश्न त्यामुळे अर्धवट ठरतो. पूर्ण प्रश्न असा: 'मंगळवारी घडलेला खर्च, बुधवारी सकाळी दहापर्यंत जेवढा कळला तेवढा, किती?' या पूर्ण प्रश्नाचं उत्तर कधीच बदलत नाही. बदलतं ते अर्धवट प्रश्नाचं.

असो. इतिहास पुरे, आता एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. आकडे माझ्या मनाचे आहेत, सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत. पण यंत्रणा खरी आहे.

समजा तुमचा कारभार गूगल क्लाउडवर आहे. मशीनचा खर्च दर तासाला २,००० रुपये, दिवसरात्र सारखा. मशीनच्या नोंदी बिलिंगपर्यंत पोचायला ३ तास लागतात. शिवाय एक सावकाश सेवा आहे, तिचा दिवसाचा ३,००० रुपये खर्च एकदम दोन दिवसांनी येतो. तुमचा स्वतःचा डॅशबोर्ड या नोंदींवर बेतलेला आहे आणि तो भारतीय वेळेनुसार सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ वाजता ताजा होतो. दिवस घेऊ मंगळवार, ४ मार्च २०२५. तुम्ही पुण्यात बसून बुधवारी सकाळी १० वाजता 'काल' बघताय.

पहिला धक्का: काल अजून संपलेलाच नाही! गूगल क्लाउडच्या बिलिंगचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो. पुण्यात बुधवारचे सकाळचे १० म्हणजे तिकडे मंगळवारचे रात्रीचे साडेआठ. त्यांचा मंगळवार संपेल आपल्या बुधवारी दुपारी दीड वाजता (तिकडची घड्याळं उन्हाळ्यासाठी पुढे केलेली असतील तेव्हा साडेबारा वाजता). एडब्ल्यूएसवाल्यांनी हसू नये, त्यांचा दिवस ग्रीनिचच्या वेळेने चालतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपतो. तर आपल्या उदाहरणात साडेतीन तास अजून घडायचेच आहेत. त्यांचे ७,००० रुपये कुठल्याच यंत्रात असू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट, जे घडलंय पण वाटेत आहे. शेवटच्या ३ तासांच्या नोंदी प्रवासात आहेत. त्यांचे ६,०००.

तिसरी गोष्ट, जे पोचलंय पण तुम्हाला दाखवलं गेलेलं नाही. डॅशबोर्ड ६ वाजता ताजा झाला, तुम्ही बघताय १० वाजता. मधल्या ४ तासांत आलेल्या नोंदी तक्त्यात आहेत, पण तुमच्या पडद्यावरचं चित्र त्याआधीचं. त्यांचे ८,०००.

मशीनचा पूर्ण दिवस ४८,००० चा. त्यातून ७, ६ आणि ८ हजार गेले की उरले २७,०००. सकाळी मेलमध्ये गेलेला आकडा हाच. संध्याकाळी सहाला डॅशबोर्ड ताजा होतो तेव्हा तिकडचा मंगळवार संपून साडेचार तास झालेले असतात, वाटेतलं सगळं पोचलेलं असतं, आणि पडद्यावर येतात ४८,०००. गुरुवारी सावकाश सेवेचे ३,००० येतात, झाले ५१,०००. शनिवारी एखादी दुरुस्ती येते, समजा एका सेवेला दर चुकीचा लागला होता म्हणून वजा ६००. अखेरचा आकडा ५०,४००. कुणी चुकलं नाही, कुठेही बग नाही, आणि एका दिवसाचे चार आकडे झाले.

हे तुमच्या स्वतःच्या खात्यावर तपासता येतं. गूगलच्या बिलिंग एक्सपोर्टमध्ये प्रत्येक नोंदीला दोन्ही वेळा दिलेल्या असतात. `usage_start_time` म्हणजे घडलं, आणि `export_time` म्हणजे तक्त्यात कळलं. एका दिवसाचा घडलेला खर्च कुठकुठल्या दिवशी कळला, हे असं विचारायचं:

```sql
SELECT DATE(export_time, 'Asia/Kolkata') AS kalale,
       SUM(cost) AS rakkam
FROM `billing.gcp_billing_export_v1_XXXXXX`
WHERE DATE(usage_start_time, 'America/Los_Angeles')
      = '2025-03-04'
GROUP BY kalale
ORDER BY kalale
```

आपल्या उदाहरणात उत्तर येईल चार ओळींचं: ४ मार्चला १५,०००, ५ मार्चला ३३,०००, ६ मार्चला ३,०००, ८ मार्चला वजा ६००. 'आकडा का बदलला' या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही. आणि आकडा बदलण्याचं कारण उशिरा आलेल्या नोंदी आहेत की नुसतं डॅशबोर्ड ताजा व्हायची वेळ, हेही ओळखता येतं. ही क्वेरी थेट तक्त्यावर चालवा आणि बेरीज डॅशबोर्डाशी ताडून बघा. आपल्या उदाहरणात बुधवारी सकाळी १० वाजता तक्ता म्हणेल ३५,००० आणि डॅशबोर्ड म्हणेल २७,०००. हा फरक ताजेपणाचा. ३५ पासून ५०.४ हजारांपर्यंतचा फरक मात्र तक्त्यालाच अजून माहीत नाही. तो 'रिफ्रेश'चं बटण कितीही बडवलं तरी भरून निघणार नाही.

एडब्ल्यूएसच्या सविस्तर बिलिंग अहवालाची रीत थोडी वेगळी आहे. तिथे महिना बंद होईपर्यंत संपूर्ण महिन्याचा अहवाल दिवसातून निदान एकदा नव्याने तयार होतो. जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी ठेवायची, की प्रत्येक आवृत्ती वेगळी साठवायची, हे तुम्ही निवडता. जागा वाचवायला पुसण्याचा पर्याय घेतलात, तर 'परवा सकाळी हा आकडा काय होता' हे कुणालाच सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. आणि तिथे आणखी एक मजेदार प्रकार होतो. आगाऊ बांधिलकी घेऊन मिळणारी सवलत तासातासाला अनेक खात्यांमध्ये वाटली जाते. एका खात्याची नोंद उशिरा आली, की त्या तासाची वाटणी पुन्हा होऊ शकते, आणि ज्या खात्यात काहीच नवीन आलं नाही त्याचाही कालचा आकडा हलतो. तुमचा वापर तोच, तुमच्या नोंदी त्याच, तरी खर्च बदलला. हे समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते.

मग प्रश्न येतो, डॅशबोर्डाने थांबावं किती? सगळ्या नोंदी येईपर्यंत काही दाखवूच नये का? यावर गूगलमधल्या मंडळींनी बराच विचार केला. २०१३ मध्ये त्यांनी 'मिलव्हील' नावाच्या प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला आणि २०१५ मध्ये टायलर अकिडाऊ आणि सहकाऱ्यांचा 'डेटाफ्लो मॉडेल'वरचा निबंध आला. त्यांची एक कल्पना आहे, वॉटरमार्क. म्हणजे यंत्रणेने सांगायचं, 'माझ्या अंदाजाने अमुक वेळेपर्यंत घडलेलं सगळं आता पोचलंय.' वर्गात हजेरी घेऊन बाई दार लावून घेतात, तसं समजा. दार लवकर लावलं तर उशिरा येणारी मुलं बाहेर. एका मुलासाठी दार उघडं ठेवलं तर सगळा वर्ग खोळंबणार. दार कधी लावायचं याचं अचूक उत्तर नाही, कारण अजून कोण यायचं आहे हे बाईंना माहीतच नसतं. २०१५ च्या निबंधाचा सूर मला असा वाटला, की विदा कधीतरी पूर्ण होईल हे गृहीतच धरू नका. आधी एक आकडा द्या, नंतर सुधारून द्या, आणि सुधारलाय हे सांगा.

आता यात धोका कुठे आहे? आकडा बदलतो याने कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते शेवटच्या खांबाने. खर्चाच्या आलेखात सगळ्यात उजवीकडचा खांब नेहमीच बुटका असतो, कारण तो अर्धवट भरलेला असतो. समजा तुमच्या टीमने मंगळवारी सुरुवातीलाच काही मशीन बंद केल्या आणि बुधवारी सकाळी आलेख बघितला. सोमवार ४८,०००, मंगळवार २७,०००. खर्च जवळजवळ निम्म्यावर! टाळ्या, मेल, साहेबांना खबर. पण आपण आत्ताच पाहिलं की काहीही बंद केलं नसतं तरी मंगळवार २७,००० च दिसला असता. वाईट म्हणजे याच्या उलटही होतं. एखादी विसरलेली मशीन रात्रभर पैसे खात असते आणि बुटक्या खांबात ती लपून जाते. वरच्या रोमिंगवाल्या चोरीसारखंच.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरवाल्यांच्या आधी विमावाल्यांना सापडला होता. त्यांचंही दुखणं हेच. या वर्षी अपघात घडलेत, पण सगळ्यांचे दावे अजून आलेले नाहीत. काही पुढच्या वर्षी येतील, काही त्याच्याही पुढच्या. घडलेल्या पण न कळलेल्या दाव्यांसाठी पैसे बाजूला ठेवायचे तर किती? ते एक त्रिकोणी तक्ता मांडतात. आडवी ओळ म्हणजे कुठल्या वर्षी घडलं, उभा रकाना म्हणजे त्यानंतर किती वर्षांनी कळलं. जुन्या वर्षांच्या ओळी पूर्ण भरलेल्या, नव्या वर्षांच्या अर्धवट, म्हणून त्रिकोण. जुन्या ओळींवरून दिसतं की पहिल्या वर्षाअखेर साधारण किती टक्के दावे कळलेले असतात, आणि त्यावरून नव्या वर्षाचा अखेरचा आकडा काढायचा.

हेच आपल्याला दिवसांवर करता येतं. रोज सकाळी १० वाजता डॅशबोर्डावर दिसणारा कालचा आकडा एका तक्त्यात टिपून ठेवायचा. तोच दिवस आठवड्याने पुन्हा टिपायचा. आपल्या उदाहरणात पहिल्या सकाळचा आकडा २७,०००, अखेरचा ५०,४००, म्हणजे पहिल्या सकाळी सुमारे ५४ टक्के दिसतं. महिनाभर हे प्रमाण जवळपास तेच राहिलं, तर उद्या सकाळी जो आकडा दिसेल त्याला ०.५४ ने भागा. अंदाज बरा येतो. आणि तुलना करायची ती सारख्या वयाच्या आकड्यांची: आजच्या पहिल्या सकाळची मागच्या मंगळवारच्या पहिल्या सकाळशी. टीमने खरोखरच चौथा हिस्सा मशीन बंद केल्या असतील, तर पहिल्या सकाळचा आकडा २७,००० ऐवजी २०,२५० दिसायला हवा. तेवढा दिसला तर टाळ्या वाजवा. बचत २५ टक्के, ५० नाही.

या युक्तीला मर्यादा आहेत. सावकाश सेवा पहिल्या सकाळी दिसतच नाही, त्यामुळे तिचा खर्च तिप्पट झाला तरी ही पद्धत दोन दिवस गप्प बसणार. शिवाय नोंदी येण्याची चाल बदलली, म्हणजे एखादी नवी सेवा घेतली किंवा डॅशबोर्ड ताजा व्हायची वेळ हलवली, की जुनं ५४ टक्के निरुपयोगी. विमावाल्यांनाही हे जाचत होतंच. १९७२ मध्ये बॉर्नहुएटर आणि फर्ग्युसन यांनी एक तोडगा सुचवला: वर्ष कोवळं असेल तेव्हा नुसत्या आलेल्या दाव्यांवरून ताणून अंदाज काढू नका, आलेले दावे तसेच घ्या आणि न आलेल्या भागासाठी आधीची अपेक्षा वापरा. आपल्या भाषेत, सकाळचे २७,००० जसेच्या तसे, आणि उरलेल्यासाठी बजेटमधला आकडा. थोडी मंद पद्धत आहे, पण एखाद्या विचित्र सकाळी ती भडकत नाही.

शेवटचा प्रश्न, कालचा आकडा कायमचा पक्का होतो कधी? ढोबळमानाने, महिन्याचं बिल निघतं तेव्हा. एडब्ल्यूएसच्या अहवालात `bill/InvoiceId` हा रकाना महिना चालू असेपर्यंत रिकामा असतो. बिल पक्कं झालं की त्यात क्रमांक येतो. पण त्यानंतरही परतावा किंवा सवलत चढू शकते. गूगलकडे महिनाअखेरीचा वापर उशिरा कळला तर तो पुढच्या महिन्याच्या बिलात जाऊ शकतो. तिथे `invoice.month` वेगळा आणि `usage_start_time` मधला महिना वेगळा. म्हणूनच वापराच्या तारखेने केलेली मार्चची बेरीज आणि मार्चचं बिल हे दोन आकडे जुळतीलच असं नाही. अकाउंट्सवाल्यांशी वाद घालण्याआधी कुठल्या महिन्याने बेरीज केलीय ते विचारून घ्यावं.

आपल्याकडच्या पेढीवरच्या मुनीमाला हा फरक डेटाबेसशिवाय ठाऊक होता. कीर्दीत नोंद पडते ती ज्या दिवशी व्यवहार हिशेबाला आला त्या दिवशी. उशिरा आलेली पावती मागच्या पानावर घुसडत नाहीत, आजच्या पानावर लिहून तपशिलात मूळ तारीख देतात. चुकलेली रक्कम खोडत नाहीत, उलट नोंद करतात. खतावणीत मग खातेवार चित्र तयार होतं. आपला डॅशबोर्ड म्हणजे खतावणी. ती पुन्हा पुन्हा मांडली जाणार, बदलणारच. कीर्द शाबूत असेल तर त्याचं काही वाटायचं कारण नाही.

तेव्हा माझी डॅशबोर्ड बनवणाऱ्यांकडे मागणी अगदी छोटी आहे. आकड्याच्या खाली एक बारीक ओळ लिहा: कुठल्या घड्याळाचा दिवस, आणि कुठल्या वेळेपर्यंत कळलेलं. शेवटचे दोन खांब फिक्या रंगात दाखवा. आणि तो आकडा मेलमध्ये टाकणाऱ्यांकडे आणखी एक: 'कालचा खर्च २७,०००' असं लिहू नका. 'कालचा खर्च, आज सकाळी ६ पर्यंत कळलेला, २७,०००' असं लिहा. चार शब्द जास्त लागतात, पण ते वाक्य संध्याकाळीही खरं राहतं.